घरमालकाला पत्र लिहायचंय – २२,००० हे डिपॉझिट की ॲडव्हान्स भाडं? (पुणे, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट)

सई_वारजे
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. वारज्यात १ जून २०२५ पासून वन बीएचके भाड्याने घेतलाय, भाडं २२,००० महिना. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलेलं आहे, ११ महिने, म्हणजे ३० एप्रिल २०२६ पर्यंत. त्यात डिपॉझिट ६६,००० लिहिलंय. पण आम्ही मालकांना एकूण ८८,००० दिलेत. ११ मे ला फ्लॅट बघितला त्याच दिवशी एजंट म्हणाला की अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, आत्ताच काहीतरी द्या, म्हणून मिस्टरांनी २२,००० यूपीआयने टाकले आणि रिमार्कमध्ये नुसतं "advance" असं लिहिलं. मग २७ मे ला ६६,००० एनईएफटी केले. आम्ही धरून चाललो होतो की आधीचे २२ म्हणजे जूनचं भाडं झालं. तर ३ जूनला काकांचा (मालकांचा) मेसेज, जूनचं भाडं ५ तारखेपर्यंत पाठवा. मिस्टर म्हणाले आधीच दिलंय, तर काका म्हणाले ते ॲडव्हान्स आहे, ते शेवटी बघू. एजंट फोन उचलत नाही. काका वाईट नाहीत, वयस्कर आहेत, भांडायचं अजिबात नाहीये, पण हे पैसे नक्की काय आहेत हे कागदावर यायला हवं असं मला वाटतं. मी असं पत्र लिहिलंय, बघून सांगा:

"आदरणीय काका, ११ मे रोजी आम्ही आपल्याला २२,००० रुपये दिले होते. ते डिपॉझिट आहे की ॲडव्हान्स भाडं आहे हे कृपया कळवावे. आपली, सई."

गौरव९१
ताई सरळ आहे की. नवीन कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही. त्यांनी तीन महिन्यांचं घेतलंय, म्हणजे ६६ च मुळात बेकायदा आहे, वरचे २२ तर सोडाच. पत्रात हे लिहा, लगेच सरळ होतील.

नोंदणीवाला
गौरव, तुम्ही म्हणताय तो २०२१ चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे हे बरोबर, पण तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. सईताईंनी हे पत्रात लिहिलं तर काका वकिलाला दाखवतील, वकील सांगेल की हे चूक आहे, आणि मग पत्रातलं बाकीचं खरं असलं तरी त्याला किंमत राहणार नाही.

मी १४ वर्षं ऑनलाइन भाडेकरार नोंदणीची कामं करतोय, अशा केसेस महिन्याला एक तरी येते. सईताई, तुमच्या पत्रात एकच अडचण आहे पण ती मोठी आहे. तुम्ही विचारताय "डिपॉझिट की ॲडव्हान्स", आणि काका उत्तर देणार "ॲडव्हान्स". ते तर त्यांनी आधीच सांगितलंय. त्याने तुम्हाला काय कळलं? काहीच नाही, कारण ॲडव्हान्स हा शब्दच तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. कुणी बयाणा/टोकनला म्हणतं, कुणी पहिल्या महिन्याच्या भाड्याला, कुणी शेवटच्या. त्यात तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बहुतेक असंही वाक्य असेल की भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत आगाऊ द्यायचं, तो आणखी चौथा ॲडव्हान्स. जरा बघून सांगा.

सई_वारजे
हो आहे!! "दरमहा ५ तारखेपर्यंत आगाऊ" असंच आहे. आणि डिपॉझिटच्या कलमात "बिनव्याजी परतावा अनामत रक्कम रु. ६६,०००/-" आणि एनईएफटीचा नंबर. २२ चा कुठेच उल्लेख नाही.

मीनल_बंगलोर
मला एक विचारायचंय, काका कधी बंगलोर किंवा चेन्नईकडे होते का? कारण इकडे डिपॉझिटलाच ॲडव्हान्स म्हणतात. "रेंट इतकं, ॲडव्हान्स दहा महिने" असं बोर्डावर लिहिलेलं असतं आणि तो पैसा घर सोडताना परत मिळतो (पेंटिंगचा एक महिना कापून). मी पुण्याहून इकडे आले तेव्हा माझाही असाच घोळ झाला होता, मला वाटलं दहा महिन्यांचं भाडं एकदम मागतायत आणि मी नाही म्हणून निघून आले होते.

सई_वारजे
@मीनल अगं हो, काका बंगलोरला कंपनीत होते, वीसेक वर्षं! म्हणजे त्यांच्या डोक्यात ते डिपॉझिटच असू शकतं का?

नोंदणीवाला
असू शकतं. म्हणूनच पत्रात तो शब्द वापरूच नका. डिपॉझिट हा शब्दसुद्धा एकटा टाकू नका. पैसा काय आहे हे नावावरून ठरत नाही, तो कशासाठी दिला आणि शेवटी त्याचं काय होणार यावरून ठरतं. त्यामुळे नाव विचारू नका, दोन साधे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर महिन्यात आणि आकड्यात येतं. पहिला, या २२,००० मुळे आम्ही कुठल्या महिन्याचं भाडं द्यायचं नाही? दुसरा, ३० एप्रिलला आम्ही चावी दिली की तुम्ही आम्हाला एकूण किती परत देणार, ६६ की ८८? या दोन उत्तरांमधून बाकी सगळं आपोआप निघतं. जून म्हणाले तर पहिल्या महिन्याचं भाडं, एप्रिल म्हणाले तर शेवटच्या महिन्याचं, कुठलाच महिना नाही म्हणाले तर परत ८८ यायला हवेत. आणि समजा उत्तर आलं की महिनाही सुटत नाही आणि परतही ६६ च, तर मग ते २२ गेलेच कुठे हे त्यांचं त्यांनाच दिसेल, तुम्हाला आरोप करावा लागणार नाही.

प्रभाकर_दादर
आमच्या वेळी याला पागडी म्हणायचे. पावती मागायची सोय नव्हती. माझ्या मते ताईंनी सरळ पोलीस कंप्लेंट करावी, घर सोडल्यावर डिपॉझिट न देणारे मालक मी खूप पाहिलेत. माझ्या पुतणीचे ४०,००० असेच बुडाले, मालकाने भिंतींना खिळे मारले म्हणून सगळे कापले, ती आठ महिने फेऱ्या मारत होती.

सई_वारजे
काका वाईट वाटलं ऐकून, पण आमचं तसं नाहीये हो, आम्ही तर आत्ताच राहायला आलोय. पोलिसात जाण्यासारखं काहीच झालेलं नाही. नुसतं विचारायचंय.

गौरव९१
ओके मॉडेल ॲक्टचं मला माहीत नव्हतं, थँक्स. पण मग एक डाउट, फरक काय पडतो एवढा? २२ डिपॉझिट असोत नाहीतर शेवटचं भाडं असो, शेवटी ताईंनाच मिळणार ना. एप्रिलमध्ये भाडं नाही द्यायचं किंवा मे मध्ये परत घ्यायचे. हिशोब एकच.

नोंदणीवाला
सगळं सुरळीत झालं तर हिशोब एकच, ११ महिन्यांत काहीतरी बिघडलं की वेगळा.

पेंटिंग आणि तोडफोड घ्या. अनामत रक्कम ही त्यासाठीच असते, थकलेलं भाडं, लाइट बिल, मोडतोड हे सगळं त्यातून कापता येतं. पण एप्रिलचं भाडं म्हणून घेतलेले पैसे एप्रिलमध्ये राहिलात की वापरले गेले, त्यातून नळ तुटला म्हणून काही कापता येत नाही. म्हणजे २२ अनामतीत गेले तर मालकाच्या हातात कापायला ८८ असतात, भाड्यात गेले तर ६६.

मग मध्येच सोडायची वेळ. सईताईंची लॉक-इन किती ते माहीत नाही, सहा महिने धरू. समजा डिसेंबरच्या शेवटी नोटीस देऊन जानेवारीअखेर सोडलं. पैसे "एप्रिल"चे असतील तर एप्रिलमध्ये त्या राहणारच नाहीत, मग तो पैसा जानेवारीच्या, म्हणजे नोटीसच्या महिन्याच्या भाड्यात वळता करायचा की रोख परत करायचा हे आधी लिहिलेलं नसेल तर भांडण तिथे होतं. म्हणून पावतीवर "एप्रिल २०२६" असं न लिहिता "वास्तव्याच्या शेवटच्या महिन्याचं भाडं" असं लिहून घ्यावं असं मला वाटतं.

आणि फ्लॅट विकला तर काय हे लोक विसरतात. नवीन मालक नोंदलेलं अ‍ॅग्रीमेंट बघणार, त्यात ६६ दिसणार. वरचे २२ जुन्या मालकाच्या तोंडी शब्दावर. जुने मालक मुलाकडे परदेशात गेलेले असतात.

सई_वारजे
बापरे. काकांचा मुलगा दुबईला आहे आणि फ्लॅट विकायचं चाललंय असं सोसायटीत ऐकलंय खरं.

शलाका_लंडन
इथे थोडं वेगळं आहे पण मुद्दा तोच म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने डिपॉझिटला पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे (वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर) आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये सुरक्षित करावं लागतं, नाहीतर मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड बसू शकतो. आगाऊ भाड्याला मात्र हे संरक्षण नाही. त्यावरूनच एक केस कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेली होती, भाडेकरूचं म्हणणं होतं की सहा महिन्यांचं एकदम घेतलेलं भाडं म्हणजे डिपॉझिटच. २०१३ मध्ये कोर्टाने नाही म्हणून सांगितलं, कारण तो पैसा भाडं फेडण्यासाठी दिला होता, हमी म्हणून धरून ठेवायला नाही. नोंदणीवाले दादा जे सांगतायत की कशासाठी दिला ते बघा, अगदी तेच.

गौरव९१
पण ते इंग्लंडचं, इथल्या कोर्टात चालणार नाही ना.

शलाका_लंडन
बरोबर, बंधनकारक अजिबात नाही. विचार कसा करायचा एवढ्यासाठीच सांगितलं.

अ‍ॅड_निशिगंधा
वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, कागद बघितल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. दोन गोष्टी सांगते.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ चा आधार लोक लगेच घेतात, की करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. इथे करार नोंदलेला आहे, त्यामुळे सईंना तो फायदा सरसकट मिळणार नाही. उलट मालक म्हणू शकतात की लेखी करारात जे आहे तेवढंच. पण मग मालकांनाच सांगावं लागेल की कराराबाहेर २२,००० का घेतले, आणि बँक स्टेटमेंट तर खोटं बोलत नाही.

दुसरं, मिस्टरांनी जो रिमार्क टाकला. करार कायद्यात कलम ५९ ते ६१ असं आहे की देणेकऱ्याची अनेक देणी असतील आणि त्याने पैसे देताना हे अमुक देण्यासाठी असं सांगितलं तर तिकडेच लावायचे, नाही सांगितलं तर घेणारा ठरवू शकतो, दोघांनीही नाही ठरवलं तर आधीचं देणं आधी. तुमच्याकडे रिमार्क आहे पण तो इतका मोघम आहे की दोन्ही बाजू आपापला अर्थ काढतील. शिवाय ११ मे ला तुमचं काही देणंच नव्हतं, करारच झाला नव्हता, तर ही कलमं इथे लागतात का यावर वाद होऊ शकतो. माझं मत लागतात असं आहे पण छातीठोक सांगणार नाही. यापुढे प्रत्येक ट्रान्सफरला "जुलै २०२५ भाडं" असं पूर्ण लिहा.

नोंदणीवाला
निशिगंधा मॅडमशी सहमत. स्टॅम्प ड्यूटीचंही सांगून टाकतो, कारण काका कदाचित घाबरतील की २२ कागदावर आणले तर ड्यूटी बुडवली असं होईल. ड्यूटी पाव टक्का असते, ती एकूण भाडं, परत न करायची किंवा आगाऊ दिलेली रक्कम आणि परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. तुमचं भाडं २२ गुणिले ११ म्हणजे २,४२,०००. ६६ हजारांवरचं ११ महिन्यांचं व्याज ६,०५०. ड्यूटी ६२० च्या आसपास. डिपॉझिट ८८ धरलं असतं तर ६२५ च्या आसपास. आणि २२ पूर्णच्या पूर्ण बेरजेत धरले असते तरी ६७५. म्हणजे कुठल्याही बाजूने पन्नासेक रुपयांचा मामला, त्यासाठी कुणी लपवाछपवी करत नाही. हे घाईत झालंय, एजंटने टोकन घेतलं आणि टाइप करताना धरलं नाही, नव्वद टक्के वेळा असंच असतं. पत्रात हेच गृहीत धरून लिहा, सूर आपोआप चांगला येईल.

सई_वारजे
सगळ्यांचे खूप आभार. रात्री बसून नवीन लिहिलं. मिस्टर म्हणतायत फार लांब झालं पण मला प्रत्येक ओळ लागतेय असं वाटतं:

"आदरणीय काका, सा. न. वि. वि. घर छान आहे, काकूंनी सांगितल्याप्रमाणे गॅलरीतल्या झाडांना रोज पाणी घालतो. एका हिशोबाबद्दल लिहीत आहे. आम्ही आपल्याला दोन वेळा पैसे दिले. ११ मे २०२५ रोजी यूपीआयने २२,००० आणि २७ मे २०२५ रोजी एनईएफटीने ६६,०००, एकूण ८८,०००. करारात अनामत म्हणून ६६,००० ची नोंद आहे. आधीच्या २२,००० ची नोंद राहून गेली आहे, ते घाईत झालं असावं. आमची समजूत होती की ते जूनचं भाडं आहे. आपण फोनवर म्हणालात की ते शेवटी बघू. गैरसमज राहू नये म्हणून दोन गोष्टी लिहून कळवाव्यात ही विनंती. १) या २२,००० मुळे आम्ही कोणत्या महिन्याचं भाडं द्यायचं नाही? २) घर सोडताना आपल्याकडून आम्हाला एकूण किती रक्कम परत येणं आहे, ६६,००० की ८८,०००? आपण जे कळवाल त्याप्रमाणे एक साधी पावती बनवून आणते, आपण दोघं सही करू. जूनचं भाडं ५ तारखेला पाठवत आहे, वरील २२,००० चा हिशोब वेगळा ठेवून. दोन्ही व्यवहारांचे फोटो सोबत. आपली, सई."

मीनल_बंगलोर
किती छान झालंय. "हिशोब वेगळा ठेवून" हे फार महत्त्वाचं, नाहीतर जूनचं भाडं भरलंत म्हणजे तुमचंच मान्य की ते जूनचं नव्हतं.

अ‍ॅड_निशिगंधा
हो, ती ओळ काढू नका. एकच सुचवते, "१५ जूनपर्यंत कळवावे" अशी तारीख घाला. उत्तर नाही आलं म्हणजे त्यांनी मान्य केलं असं कायद्याने होत नाही, पण तुम्ही वेळेत विचारलं होतं हे दिसतं. आणि प्रत्यक्ष देऊन आपल्या कॉपीवर मिळाल्याची सही घ्या, तेच पत्र व्हॉट्सॲपवर फोटो काढूनही पाठवा.

प्रभाकर_दादर
बरं लिहिलंय पोरी. आधी नीट वाचलं नव्हतं मी. पुतणीने हे सुरुवातीलाच केलं असतं तर.

सई_वारजे
अपडेट. काकांनी पत्र वाचलं, चहा दिला, सही दिली नाही, मुलाला विचारतो म्हणाले. काल व्हॉइस मेसेज आलाय, जसाच्या तसा लिहिते: "ते शेवटच्या महिन्याचं धर, एप्रिलचं नको देऊस, पण रंगाचे आणि कुलपाचे पैसे काही असले तर त्यातूनच घेईन मी."

गौरव९१
झालं की मग. शेवटचं भाडं.

नोंदणीवाला
नाही झालं गौरव, वाक्याचा दुसरा अर्धा भाग बघा. एप्रिल त्या राहिल्या की २२ संपले, रंगाचे पैसे मग कशातून घेणार? भाडं म्हणतायत पण वागवतायत अनामतीसारखं. ताई, व्हॉइस मेसेज सेव्ह करा, आणि उत्तर मेसेजने द्या: "काका, समजलं, २२,००० शेवटच्या महिन्याचं भाडं, ते आम्ही देणार नाही. रंग, कुलूप जे काही असेल ते ६६,००० च्या अनामतीतून बिल दाखवून कापावं, उरलेले परत. बरोबर ना?" बघा "हो" म्हणतात का. आणि रंगाचं अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय? नेहमीच्या वापराने उडालेल्या रंगाचे पैसे घ्यायचे की नाही हा वेगळाच वाद आहे.

सई_वारजे
अ‍ॅग्रीमेंटमध्ये फक्त "सामान्य झीज वगळता आहे त्या स्थितीत परत" एवढंच आहे. रंगाचा शब्द नाही. मेसेज पाठवलाय तुम्ही सांगितला तसाच.

अ‍ॅड_निशिगंधा
मग आजच सगळ्या भिंतींचे फोटो काढून त्याच चॅटवर टाका, तारखेसकट राहतील. बाथरूमच्या दाराची खालची बाजू आणि ओट्याखालचा भाग विसरू नका.

सई_वारजे
फोटो टाकले, ३४ झाले. काकांचा रिप्लाय आला, "बरोबर. पावती रविवारी आण. रंगाचं तेव्हा बोलू." पावतीत "वास्तव्याच्या शेवटच्या महिन्याचं भाडं, लवकर सोडल्यास नोटीसच्या महिन्यात वळतं" असं लिहून नेतेय. रंगाचं अजून लटकलेलंच आहे. रविवारी काय होतं ते इथेच लिहीन.